भाऊ पीडित की आरोपी? आधी नोटिशीवरचं कलम वाचा

*वकीलताई, माझा धाकटा भाऊ (वय २४) ओळखीच्या एजंटमार्फत बँकॉकला ‘कस्टमर सपोर्ट’च्या नोकरीसाठी गेला. पंचाऐंशी हजार भरले. तिथून त्याला रात्री नदीपार म्यानमारमध्ये नेलं, पासपोर्ट काढून घेतला आणि सात महिने लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला बसवलं. टार्गेट झालं नाही की शॉक द्यायचे. मार्च २०२५ मध्ये सरकारच्या विमानाने तो परत आला. आता दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे: त्याच्या नावाच्या बँक खात्यात फसवणुकीचे सव्वाचार लाख आलेत. ते खातं त्याने जाण्याआधी एजंटच्या सांगण्यावरून उघडलं होतं. गावात म्हणतात, ‘डंकीने गेला, आता भोगतोय.’ एक नातेवाईक म्हणतात, पैसे भरून मिटवून टाका. तो पीडित आहे की गुन्हेगार? आम्ही काय करायचं?*
*— एक बहीण, जळगाव जिल्हा*

ताई, पैसे भरू नका. निदान वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नका आणि भावाला कशावरही सही करू देऊ नका. नातेवाइकांचा हेतू चांगला असेल, पण भावाने कधी हातातही न धरलेले सव्वाचार लाख त्याने ‘परत’ केले, तर ते आपण घेतले होते असं त्यानेच सांगितल्यासारखं दिसतं. शिवाय फसवणुकीचे गुन्हे असे परस्पर मिटतही नाहीत. एक तक्रारदार शांत होतो आणि त्याच खात्यातला दुसरा व्यवहार तिसऱ्या राज्यातून वर येतो.

आता नोटीस पुन्हा उघडा आणि त्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कोणतं कलम लिहिलंय ते बघा. कलम १७९ असेल तर पोलीस त्याला साक्षीदार म्हणून बोलावतायत. कलम ३५(३) असेल तर त्याच्यावर संशय आहे, म्हणजे कागदावर तो आरोपीच्या बाजूला उभा आहे. ३५(३) ची नोटीस पाळून जो हजर राहतो, त्याला पोलीस सहसा अटक करू शकत नाहीत. करायची झालीच तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी म्हणून ती दुर्लक्षित करू नका. आधी त्या पोलीस ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून नोटीस खरी आहे का विचारा, कारण खोट्या नोटिशी पाठवणाऱ्या टोळ्याही हल्ली कमी नाहीत. खरी असेल तर वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. गप्प बसलात तर ‘फरार’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

गावातली कुजबुज मी एरवी सोडून दिली असती, पण इथे पोलिसांच्या डोक्यातही बऱ्याचदा तेच असतं, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

डंकीने जाणं म्हणजे काय? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. अशा मार्गाने जाणारा माणूस बहुतेक वेळा जाणूनबुजून निघतो. बेकायदा सीमा ओलांडून देण्याचे पैसे तो दलालाला देतो. पलीकडे पोचलं की दलालाचा आणि त्याचा संबंध संपतो. दलालाचा नफा सीमा ओलांडून देण्यात असतो, आणि कायद्याच्या नजरेत हा गुन्हा मुख्यतः त्या देशाविरुद्ध असतो, ज्याची सीमा मोडली. वाटेत माणसं मरतात, लुबाडली जातात, ते वेगळे गुन्हे झाले.

तुमच्या भावाच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा आहे. त्याला म्यानमारला जायचंच नव्हतं. बँकॉकच्या विमानतळावर तो सरळ मार्गाने उतरला. भारतीयांना तेव्हा तिथे काही काळ व्हिसाशिवाय राहता येत होतं, म्हणून या टोळ्यांना तोच रस्ता सोयीचा पडला. पुढे माए सोत गावाजवळ मोएई नदी ओलांडली की पलीकडे म्यानमारमधलं म्यावाडी आणि तिथली केके पार्कसारखी, माणसं डांबून काम करवून घेणारी कुंपणं. एजंटचा नफा पंचाऐंशी हजारांत नव्हता. त्याचा खरा मोबदला नदीपलीकडून, माणूस पोचवल्याबद्दल मिळाला असणार, आणि टोळीचा नफा पुढे रोज त्याच्याकडून करून घेतलेल्या कामातून. संबंध पोचल्यावर संपला नाही, तिथून सुरू झाला. याला मानवी व्यापार म्हणतात आणि हा गुन्हा माणसाविरुद्धचा आहे. त्यासाठी सीमा ओलांडावीच लागते असंही नाही. मराठवाड्यातल्या वीटभट्टीवर नेऊन डांबलेल्या कुटुंबाचाही मानवी व्यापारच होतो, मग त्यांनी जिल्ह्याची हद्द ओलांडली नसली तरी.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. आधी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ३७० मध्ये होता. भाऊ कोणत्या तारखेला निघाला त्यावर कोणतं कलम लागेल ते ठरेल. दोन्हीचा गाभा एकच: शोषणासाठी, धमकी, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी काही वापरून एखाद्याला भरती करणं, नेणं, ठेवणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं. म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात: काय केलं, कसं केलं, कशासाठी केलं. तुमच्या एजंटने भरती केली, खोटी नोकरी दाखवून केली आणि डांबून काम करून घेणाऱ्यांच्या हवाली करण्यासाठी केली. शिक्षा किमान सात आणि कमाल दहा वर्षं सक्तमजुरी. एकापेक्षा जास्त माणसांना नेलं असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

या कलमातलं एक स्पष्टीकरण गावाला ऐकवण्यासारखं आहे: पीडिताची संमती होती की नव्हती, याने काही फरक पडत नाही. तो स्वतःच्या पायांनी विमानात बसला, करारावर सही केली, पहिल्या महिन्याचा पगारही घेतला, तरी एजंटला ‘तो राजीखुशीने आला’ असं म्हणून सुटता येत नाही.

मग अशा मुलांकडेच बोट का दाखवलं जातं? पोलिसांना मुद्दाम कोणाला छळायचं असतं असं मला सरसकट वाटत नाही. सायबर गुन्ह्याचा तपास जिथून सुरू होतो, तिथे फक्त डांबला गेलेला मुलगाच दिसतो. सोलापूरच्या किंवा हैदराबादच्या कोणा निवृत्त माणसाचे पैसे जातात. तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करतो. पैशाचा माग काढत पोलीस पहिल्या खात्यावर पोचतात आणि खात्यावर नाव तुमच्या भावाचं. त्याच्यावर शॉकचा दांडका उगारणारा माणूस ना बँकेच्या नोंदीत असतो, ना चॅटमध्ये. एजंटने तर टेलिग्रामवरचं खातंच पुसून टाकलेलं असतं. तपास अधिकाऱ्याला महिनाअखेर काहीतरी दाखवायचं असतं आणि हाती लागणारं एकमेव नाव, पत्ता, आधार क्रमांक असलेला माणूस हाच. वरून परत आलेली मुलं घाबरून अर्धं सांगतात, अर्धं लपवतात. पुढे लपवलेलं सापडलं की सांगितलेलंही खोटं ठरतं.

कायद्यातही एक मोठी फट आहे. धमकीखाली केलेल्या कृत्याला न्याय संहितेच्या कलम ३२ ने माफी आहे खरी, पण धमकी ‘तत्काळ मृत्यू’ची असावी लागते. शिवाय त्या परिस्थितीत माणूस स्वतःहून किंवा मृत्यूपेक्षा कमी इजेच्या भीतीने गेलेला नसावा. शॉक, उपाशी ठेवणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, ‘दुसऱ्या कंपनीला विकू’ ही धमकी, यांतलं काहीही त्या शब्दांत सरळ बसत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी अ‍ॅक्टच्या कलम ४५ मध्ये गुलामगिरीच्या पीडितांसाठी, काही गंभीर गुन्हे वगळून, वेगळा बचाव दिलेला आहे. आपल्याकडे तसं कलम नाही. २०१८ मध्ये मानवी व्यापाराविरुद्धचं एक स्वतंत्र विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत आलंच नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. शोषणाच्या व्याख्येतही गुलामगिरी, लैंगिक शोषण, भीक मागायला लावणं, अवयव काढणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गुन्हे करून घेण्याचा नाही. पण ती व्याख्या ‘यांचा समावेश होतो’ अशी आहे, बंद यादी नाही. डांबून, मारहाण करून करवून घेतलेलं काम गुलामीसदृश वागणुकीत बसतं, असा युक्तिवाद तुमच्या वकिलांना करता येईल आणि तो त्यांनी करावाच.

आणखी एक कागद वकिलांना दाखवा. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ रोजी राज्यांना एक सूचना पाठवली होती. ती होती भारतात आणलेल्या परदेशी बायका-मुलांबद्दल. बांगलादेशातून फसवून आणलेली मुलगी पुण्या-मुंबईत छाप्यात सुटायची. कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीवर गुन्हा दाखल व्हायचाच, पण त्या मुलीवरही कागदपत्रांविना राहिल्याचा गुन्हा लागायचा आणि साक्षीदाराऐवजी ती आरोपी म्हणून अडकून पडायची. मंत्रालयाने लिहिलं की ती स्वतःच्या मर्जीने आली नव्हती किंवा गुन्ह्यात पडली नव्हती असं तपासात दिसलं, तर तिच्यावर आरोपपत्र ठेवू नये, ठेवलं असेल तर मागे घ्यावं. ही सूचना आहे, कायदा नव्हे, आणि तुमच्या भावाला ती थेट लागू होत नाही. पण परदेशी मुलीला जे तत्त्व आपलं सरकार लावतं, ते परदेशात डांबलेल्या आपल्याच मुलाला का लावू नये, हा प्रश्न तपास अधिकाऱ्याला आणि पुढे न्यायाधीशांना विचारण्यासारखा आहे.

यातला खरा कळीचा मुद्दा क्रमाचा आहे. आधी माणूस पीडित आहे का हे तपासायचं आणि मग त्याच्यावर खटला चालवायचा का ते ठरवायचं. क्रम उलटला की काय होतं, याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. २००९ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांना दोन छाप्यांत गांजा पिकवणाऱ्या घरांमध्ये दोन अल्पवयीन व्हिएतनामी मुलं सापडली. ती तिथे झाडांची निगा राखत होती. दोघांवर अमली पदार्थांचा खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. नंतर मानवी व्यापाराचे पीडित ओळखणाऱ्या सरकारच्याच यंत्रणेने सांगितलं की ही मुलं पीडित आहेत. सरकारी वकिलांनी ते मानलं नाही आणि न मानण्याची धड कारणंही दिली नाहीत. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि १६ फेब्रुवारी २०२१ ला निकाल ब्रिटनच्या विरोधात लागला. पीडितावर खटला कधीच भरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. म्हणालं ते असं, की तो पीडित असल्याची खूण दिसत असेल तर जाणकार यंत्रणेने आधी तपासणी करावी. आणि पीडित आहोत हे कोणी तपासलंच नसताना दिलेल्या गुन्ह्याच्या कबुलीला पूर्ण समजून-उमजून दिलेली कबुली म्हणता येत नाही. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वाचून दाखवता येतो. बारा वर्षं लागली त्या मुलांना, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून तुमच्या बाजूने पहिला कागद एजंटविरुद्धच्या तक्रारीचा असू द्या, आणि तो लवकर. भरती जळगाव जिल्ह्यात झाली, पैसे तिथे दिले, त्यामुळे तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘म्यानमार आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर मिळालं तर हद्द न बघता शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. तेही झालं नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांना आणि जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला तक्रार पाठवा आणि पोचपावती जपा. तक्रारीत मानवी व्यापाराच्या कलमासोबत उत्प्रवासन अधिनियम १९८३ च्या कलम १० आणि २४ चा उल्लेख करा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारकडे नोंदणी सक्तीची असते. तुमच्या एजंटचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नसेल तर त्या एका गोष्टीसाठी वेगळ्या पुराव्याची फारशी गरजच उरत नाही. मग या गुन्ह्याची प्रत त्या दुसऱ्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला नोटिशीच्या उत्तरासोबत द्या.

खात्याबद्दल तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा मजबूत असू शकते. सव्वाचार लाख कोणत्या तारखांना आले आणि गेले, ते बँकेच्या उताऱ्यात दिसेल. त्या तारखा पासपोर्टशेजारी ठेवा. भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का आहे, थायलंडमध्ये शिरल्याचा आहे, म्यानमारचा नाही आणि सात महिन्यांचं काहीच नाही. पासपोर्ट टोळीकडेच राहिला असेल तर परतताना दूतावासाने दिलेलं आपत्कालीन प्रमाणपत्र आणि तिकिटं चालतील. भाऊ कुंपणाआड असताना खातं कोणत्या आयपी पत्त्यावरून चाललं आणि ओटीपी येणारं सिमकार्ड कोणत्या टॉवरखाली होतं, हे बँकेकडून आणि मोबाइल कंपनीकडून पोलिसांना मागवता येतं. ते मागवावं, असा लेखी अर्ज वकिलाने करावा. सिम भुसावळात आणि भाऊ म्यावाडीत, एवढं निघालं तरी पुष्कळ. अशा नोंदी कंपन्या कायम ठेवत नाहीत, त्यामुळे उशीर करू नका. भावाचा जुना फोन असेल तर रीसेट करू नका, विकू नका. एजंटशी झालेली चॅट, त्याने पाठवलेली नोकरीची जाहिरात, तुम्ही पैसे पाठवल्याच्या नोंदी, आतून त्याने चोरून पाठवलेलं लोकेशन, दूतावासाला केलेला ईमेल, सगळं मूळ फोनमध्येच राहू द्या. नुसते स्क्रीनशॉट न्यायालयात कमी पडतात. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करतील. अंगावर शॉकच्या खुणा असतील तर सरकारी रुग्णालयात तपासून कागद घ्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये मानवी व्यापाराच्या आणि वेठबिगारीच्या पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट नाही. भावाला तिथे ‘पीडित’ म्हणून अर्ज करू द्या, ‘आरोपी’ म्हणून नव्हे.

आता जरा कडू. हा सगळा बचाव कितपत टिकेल, ते भावाने तिथे नेमकं काय केलं त्यावर आहे, आणि ते त्याने वकिलाला पूर्ण सांगायला हवं. तुम्हाला नाही सांगितलं तरी चालेल. खातं उघडताना एटीएम कार्ड आणि सिम देण्याचे वेगळे पैसे घेतले होते का? आत कमिशन मिळालं का, आणि ते घरी आलं का? सुटका विकत घेण्यासाठी किंवा टार्गेट कमी व्हावं म्हणून गावातल्या एखाद्या मित्राला त्याने तिथे बोलावलं का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. या टोळ्या मुद्दाम तसं करायला लावतात, कारण एकदा मित्राला आणलं की कैदी स्वतःच दलाल दिसू लागतो आणि तोंड उघडत नाही. तसं झालं असेल तर कलम १४३ त्याच्यावरच उलटू शकतं. तरीही धमकी, कर्ज, मारहाण यांचा क्रम नीट मांडला तर बेइमानीचा हेतू नव्हता असं म्हणता येतं, जामिनाला उपयोग होतो, शिक्षेत फरक पडतो आणि गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयातही जाता येतं. पण पोलिसांनी आधी शोधून काढलं तर त्यातलं निम्मं गेलं म्हणून समजा. स्वतःला अडचणीत आणणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क त्याला संविधानाच्या कलम २०(३) ने दिलाय. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. पहिलं चालतं. एजंटविरुद्धचा त्याचा जबाब मात्र जमेल तितक्या लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवून घ्या. पुढे एजंटने नातेवाइकांकरवी दबाव आणला, तरी तो जबाब जागेवर राहतो.

पैसे भरून मिटवा म्हणणारे ते नातेवाईक त्या एजंटच्या ओळखीतले आहेत का, हेही एकदा विचारून घ्या.